जनीचं नाव गाण्यात आहे, फाइलमध्ये नाही

गंगाखेडच्या संत जनाबाईंचा एखादा अभंग मोबाइलवर लावा आणि तो कोणी लिहिला हे ॲपला विचारून बघा. एका ध्वनिमुद्रणाखाली `Sant Janabai` असं दिसेल, दुसऱ्याखाली `Traditional`, तिसऱ्याखाली गायकाचंच नाव गीतकार म्हणून लागलेलं असेल आणि चौथ्याखाली काहीच नसेल. चाल कोणी लावली, वाद्यसंयोजन कोणाचं, ध्वनिमुद्रण कोणी केलं याची तर बहुतेक वेळा बोंबच. आणि हे सगळं होत असताना गाण्याच्या शेवटच्या चरणात जनी स्वतःचं नाव स्पष्ट सांगत असते. ‘नामयाची दासी’, ‘म्हणे जनी’ ही तिची मुद्रा. लिहिणारीने नाव कागदाच्या कोपऱ्यात न ठेवता ओळीतच गुंफलं, म्हणून सातशे वर्षं ते तोंडोतोंडी टिकलं. ते मोबाइलपर्यंत पोहोचता पोहोचता मध्येच कुठे गळतं?

आवाजाच्या सुरुवातीच्या तंत्रालाही हीच युक्ती सुचली होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना ना हिंदुस्थानी भाषा कळायची ना गायिका माहीत. म्हणून गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायची, आणि ते ऐकून कारागीर तबकडीवर योग्य लेबल चिकटवायचे. म्हणजे श्रेयनाव ध्वनीतच कोरलेलं. पुढे लेबलवरचा मजकूर नीट छापला जाऊ लागला तशी ही पद्धत मागे पडली आणि नाव कायमचं वेष्टनावर गेलं. गळतीची सुरुवात तिथून झाली, कारण वेष्टन आणि ध्वनी यांची ताटातूट फार सहज होते.

मराठवाड्यातल्या बाजारपेठांत १९८०-९० च्या दशकांत भक्तिगीतांच्या कॅसेटी कशा फिरायच्या हे आठवणारे पुष्कळ असतील. डबीतल्या छापील कागदावर बारीक अक्षरांत गीत, संगीत, संगीत संयोजन, ध्वनिमुद्रण अशी नावं असायची. कॅसेटची कॉपी निघाली की कागद मागे राहायचा आणि फीत पुढे जायची. सीडीने यात फारशी भर घातली नाही. नेहमीच्या ऑडिओ सीडीवर मुळात गाण्याचं नावसुद्धा नसतं, नुसते गाण्यांचे क्रमांक आणि त्यांची लांबी असते. संगणकात सीडी घातल्यावर गाण्यांची नावं झळकायची ती इंटरनेटवरच्या एखाद्या यादीतून आलेली, आणि ती यादी कुणा हौशी माणसाने टंकलेली असायची.

मग आली एमपी३. १९९६ मध्ये या फाइलच्या शेपटीला माहिती जोडायची एक सोय निघाली, तिचं नाव ID3. पहिल्या आवृत्तीत जागा होती फक्त १२८ बाइटची. ओळख म्हणून `TAG` ही तीन अक्षरं, शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि गाण्याच्या प्रकाराला १. बेरीज करून बघा, जागा संपली. गीतकाराचा रकाना नाही, संगीतकाराचाही नाही. पाश्चात्त्य पॉपचा गायक बऱ्याचदा स्वतःच गाणं लिहितो आणि तोच ‘कलाकार’, त्यामुळे तिथे हे खपून गेलं. आपल्याकडे लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, गाणारा तिसरा. तिघांसाठी खुर्ची एकच, आणि तिच्यावर बसला गायक. पुढच्या आवृत्त्यांत संगीतकारासाठी `TCOM`, गीतकारासाठी `TEXT` असे वेगळे रकाने आले, पण त्यानंतरही कितीतरी मराठी गाण्यांच्या फाइली पहिल्याच पद्धतीने भरून, नकला होऊन, पेनड्राइव्हवरून गावोगाव गेल्या.

आज बरंचसं संगीत प्रवाही ॲपवरून येतं, आणि तिथली अडचण वेगळी आहे. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कायद्याच्या आणि धंद्याच्या नजरेत एका गाण्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचं एखादं ध्वनिमुद्रण. दोन्हींना आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतात, पण वेगवेगळे. ध्वनिमुद्रणाला मिळणारा ISRC बारा अक्षर-अंकांचा असतो: देशाची दोन अक्षरं (भारतासाठी `IN`), नोंदणीदाराची तीन, वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी क्रमांक. रचनेचा क्रमांक ISWC, तो `T` ने सुरू होतो. एका अभंगाची एकच चाल पन्नास जणांनी गायली तर रचनेचा क्रमांक एक आणि ध्वनिमुद्रणांचे पन्नास.

आता हे क्रमांक कोणाच्या वहीत असतात ते पाहू. ध्वनिमुद्रणाचा क्रमांक कंपनीकडे किंवा गाणं ॲपवर चढवणाऱ्या वितरकाकडे असतो. रचनेची नोंद असते गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे. भारतात ती आयपीआरएस, १९६९ साली स्थापन झालेली. कंपनीला आपलं ध्वनिमुद्रण माहीत असतं, संस्थेला आपली रचना. कुठलं ध्वनिमुद्रण कुठल्या रचनेचं, हा धागा कोणीतरी जोडावा लागतो. गाणं ॲपवर जाताना तो जोडला नाही तरी काही अडत नाही. शीर्षक, कलाकार आणि आवाजाची फाइल मिळाली की गाणं वाजू लागतं. जी गोष्ट नसली तरी अडत नाही ती आपल्याकडे राहून जाते, हे काही नव्याने सांगायला नको.

समजा परभणीतल्या एका भजनी मंडळाने जनाबाईंचा अभंग नव्या चालीत बसवला. चाल मंडळाच्या पेटीवादकाची. स्टुडिओत एका दुपारी गाणं झालं आणि स्टुडिओतल्या मुलाने वितरकाचा ऑनलाइन फॉर्म भरला. ‘गीतकार’ पुढे काय लिहायचं? संत आहेत म्हणून त्याने `Traditional` लिहिलं. ‘संगीतकार’ पुढेही तेच, कारण अभंग जुना तर चालही जुनीच असणार असं त्याला वाटलं. पहिली नोंद ढोबळ आहे, तिच्यामुळे आर्थिक नुकसान कुणाचंच नाही. जनाबाईंच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क उरलेला नाही. दुसरी नोंद मात्र सरळ चूक आहे. पारंपरिक शब्दांना दिलेली नवी चाल ही कायद्याने स्वतंत्र संगीतरचना असते आणि तिचा कर्ता पेटीवादक आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, हे खरं. पण तो वाटा पोहोचायला नोंदीत नाव लागतं, आणि इथे नावाच्या जागी परंपरा बसलेली आहे.

कायदाही थोडा तिरकाच चालतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे ध्वनिमुद्रणावर आणि वेष्टनावर काय छापणं सक्तीचं आहे? ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष. गीतकार-संगीतकाराचं नाव त्या यादीत नाही. कलम ५७ कर्त्याला ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा हक्क देतं, अगदी मालकी विकून टाकल्यावरही. पण हक्क सांगायला त्याने स्वतः उठून जायचं असतं.

याची उलटी चूकही होते, आणि ती जास्त मजेशीर आहे. ‘इंद्रायणी काठी’ हा संतांचाच अभंग, असं शपथेवर सांगणारे लोक कमी नाहीत. तो ग. दि. माडगूळकरांनी लिहिला, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज भीमसेन जोशींचा, चित्रपट १९५३ चा ‘गुळाचा गणपती’. फसायला होतं कारण छंद अभंगाचा आहे आणि शेवटी ज्ञानेश्वरांच्या भावंडांची नावं येतात. ती मुद्रा नव्हे. तिथे ‘म्हणे’ किंवा त्यासारखी, बोलणारा कोण हे सांगणारी खूण नाही. संशय आला की शेवटचं कडवं नीट ऐकावं, हा घरबसल्या करता येणारा पहिला तपास. माडगूळकर १९७७ साली गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, म्हणजे या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. पुलंच्या चालीवरचा त्याहून पुढे, २०६० अखेरपर्यंत. अशा गाण्याखाली `Traditional` लिहिणं ही नुसती अनास्था राहत नाही, दुसऱ्याच्या मालकीवर पडदा टाकणं होतं.

मात्र मुद्रा म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. जनाबाईंचे तीनशेहून अधिक अभंग आपल्याला मिळाले ते बरेचसे नामदेवांच्या गाथेच्या सोबतीने. एकाच संताच्या नावावर मागाहून कुणीतरी रचलेले अभंग चढले, एकाचे अभंग दुसऱ्याच्या गाथेत शिरले, आणि अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. त्यात गाणं छोटं करायला गायकाने शेवटचा चरण गाळला की उरलेला पुरावाही गेला.

शोधायचंच असेल तर ॲपमधल्या श्रेयनामांपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. स्पॉटिफायवर ही सोय २०१८ साली आली. यूट्यूबवर कंपनीकडून आलेल्या गाण्याच्या वर्णनात `Provided to YouTube by` अशी ओळ असते आणि खाली `Composer`, `Lyricist` अशी नावं. शेवटी `Auto-generated by YouTube.` असेल तर ती माहिती वितरकाच्या फॉर्ममधून जशीच्या तशी आली आहे, कुणी तपासलेली नाही, असं समजावं. गायक, संगीतकार, गीतकार तिन्ही रकान्यांत एकच नाव, किंवा गीतकाराच्या जागी कंपनीचं नाव दिसलं तर फॉर्म घाईत भरला असं धरून चाला. वर्षावर तर अजिबात विसंबू नये. जुनं गाणं पुन्हा प्रकाशित झालं की बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाचं साल दिसतं. `isrcsearch.ifpi.org` वर ध्वनिमुद्रणाचा क्रमांक आणि मूळ नोंद शोधता येते. मराठी गाण्यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ गीत, संगीत, स्वर वेगवेगळे देतं. तरीही मतभेद उरला तर जुन्या तबकडीचं लेबल किंवा कॅसेटचा कागदच शोधावा लागतो.

सगळ्यात नीट नोंद मला सापडली ती मात्र अशा गाण्यांची, ज्यांना गीतकार नाहीच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आहेत. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि माहिती कधी घेतली ती तारीख असते. कोणी रचली हा दावा केलेला नाही, कारण तो करता येत नाही. पण कोणी, कुठे, कधी गायली याबद्दल शंका उरत नाही. हीच ओवी उद्या कुणी वितरकामार्फत ॲपवर टाकली तर शीर्षक जाईल, कलाकार जाईल, गीतकाराच्या जागी `Traditional` जाईल. ताडकळस जाणार नाही, कारण त्या फॉर्मात सहसा गावाचा रकाना नसतो.