अहवाल देण्याआधीची शेवटची फेरी

लिहिणाऱ्याला स्वतःच्या अहवालातल्या चुका दिसत नाहीत, कारण कागदावर काय आहे यापेक्षा मनात काय होते तेच तो वाचत असतो. गळलेला शब्द मन परस्पर भरून घेते. मोठ्याने वाचताना मात्र प्रत्येक शब्द उच्चारावा लागतो. मग जीभ अडखळते तिथे रचना बिघडलेली असते आणि दम संपतो तिथे वाक्य तोडावे लागते. गावच्या पाणीपुरवठ्याच्या पाहणी अहवालातले हे काल्पनिक, पण सरकारी कागदांत हमखास भेटेल असे वाक्य पाहा: ‘सदर गावामध्ये पाणीपुरवठ्याच्या संदर्भात पाहणी करण्यात आली असता असे निदर्शनास आले की, टाकीमधून होणारा पाणीपुरवठा हा अपुऱ्या स्वरूपाचा असल्याचे दिसून येत आहे.’

‘सदर’, ‘च्या संदर्भात’, ‘असे निदर्शनास आले की’, ‘स्वरूपाचा’ हे सगळे काढले, तर ‘गावाचा पाणीपुरवठा अपुरा आहे’ एवढेच उरते. भरताड गेली की मजकुराचे खरे वजन कळते. इथे ते फारच कमी आहे, कारण अपुरा म्हणजे किती, हे वाक्य सांगतच नाही. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. अहवालात पुढे टाकी 50,000 लिटरची, लोकसंख्या 1,800 आणि ‘टाकी रोज भरली जाते’ असे आहे. त्यावरून माणशी 28 लिटर, म्हणजे प्रमाणाच्या निम्मेच पाणी, असा हिशेब मांडून नवी टाकी सुचवली आहे.

हा भाग मोठ्याने वाचला तर कुठेही अडखळायला होत नाही. चुकीचा आकडाही कानाला तितकाच गुळगुळीत लागतो, ही या पद्धतीची मर्यादा. म्हणून छापील प्रतीवर प्रत्येक आकडा, नाव आणि तारीख अधोरेखित करून ती मूळ नोंदीशी ताडावी; आधीच्या खर्ड्याशी नव्हे, कारण चूक बहुधा तिथूनच उतरलेली असते. हे काम काटछाटीनंतर करावे, म्हणजे गाळायच्या मजकुरावर वेळ जात नाही.

या उदाहरणात 1,800 हा आकडा 2011 च्या जनगणनेतला निघतो. ग्रामपंचायतीच्या ताज्या नोंदीत 2,000 माणसे आहेत. पंपचालकाच्या नोंदवहीप्रमाणे टाकी रोज दोनदा भरते. म्हणजे पुरवठा 1,00,000 लिटर, माणशी 50. पाणी अजूनही अपुरेच आहे, पण तूट माणशी 27 लिटरची नसून 5 लिटरची आहे. तेवढ्यासाठी नवी टाकी मागण्याआधी पंप थोडा जास्त वेळ चालवता येईल का, हे तपासायला हवे.

आकडा एका जागी बदलून भागत नाही. तो गोषवाऱ्यात, तक्त्यात आणि शिफारशीतही असतो. त्या तिन्ही जागा दुरुस्त करून तेवढा भाग पुन्हा मोठ्याने वाचावा. जुना 28 बहुतेक वेळा गोषवाऱ्यातच राहून जातो, आणि वरिष्ठ नेमका तोच वाचतात.