तिरक्या बाजूचा सापळा

समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, हे सूत्र मुलांना तोंडपाठ असते. तरीही पाया १० सेंमी, तिरकी बाजू ५ सेंमी आणि तुटक रेषेने दाखवलेली उंची ४ सेंमी अशी आकृती समोर आली, की कोणीतरी १० × ५ = ५० लिहून मोकळे होतेच. खरे उत्तर आहे ४० चौरस सेंमी.

यात मुलांचा फारसा दोष नाही. आधी त्यांनी आयत शिकलेला असतो आणि आयतात शेजारची बाजू हीच उंची असते. ही सवय मोडायला पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या पुरतात. त्या टोकांशी टाचण्यांनी जोडून आयत करा आणि वरून एका बाजूला ढकला. पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण चौकट जमिनीकडे झुकते आणि आतली जागा कमी कमी होत जाते. पार आडवी झाली की जागा उरतच नाही. बाजूंचा गुणाकार मात्र अजूनही ५०च!

असे सापळे मुद्दाम घालणारी सरावपत्रिका करायची, तर खरी कसोटी आकडे निवडण्यात आहे. ५, ५ आणि ६ सेंमी बाजूंचा त्रिकोण घ्या. ६ च्या पायावर त्याची उंची ४ येते आणि क्षेत्रफळ १२ चौरस सेंमी. मुलाने १५ लिहिले, तर त्याने तिरकी बाजू उंची धरली. २४ लिहिले, तर निम्मे करायचे राहिले. ३० म्हणजे दोन्ही चुका एकदम, आणि १६ म्हणजे त्याने परिमितीच काढली. उत्तर पाहताच चूक ओळखता येते. याउलट ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण दिला, तर निम्मे करायला विसरलेल्याचेही १२ येतात आणि परिमिती काढणाऱ्याचेही १२. शिक्षकाला काहीच कळत नाही.

सगळे सापळे एकाच जातीचे असले तरी फसगत होते. ‘बाजूचा आकडा सोडायचा, तुटक रेषेचा घ्यायचा’ एवढेच मुले शिकतात, आकृतीकडे पाहतच नाहीत. म्हणून ६, ८, १० चा काटकोन त्रिकोण कर्णावर बसवून द्यावा, तुटक रेष न काढता. इथे ६ आणि ८ या बाजूच एकमेकींना लंब आहेत, म्हणून क्षेत्रफळ २४. विशालकोन त्रिकोणही हवाच. त्याची उंची बाहेर पडते आणि ती दाखवायला पाया वाढवावा लागतो. ६ सेंमीचा पाया ३ सेंमीने वाढवला, की काही मुले ९ हाच पाया धरतात. उंची ४ असेल, तर १२ च्या जागी १८ येतात.

पत्रिका छापण्याआधी शिक्षकांनी बरोबर उत्तरांसोबत संभाव्य चुकीची उत्तरेही काढून पाहावीत. दोन वेगळ्या चुकांचे उत्तर एकच येत असेल, तर आकडे बदलावेत.