एकतीस पिशव्या, पण कामाच्या किती?

रक्तपेढीच्या फ्रिजचं दार उघडलं की आधी रंग दिसतात. ओ गटाचं लेबल निळं, ए गटाचं पिवळं, बी गटाचं गुलाबी, एबीचं पांढरं. गुलाबी कप्पा भरलेला दिसला की रात्रपाळीच्या डॉक्टरांना हायसं वाटतं, आणि फसगत तिथेच होते.

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीची शिबिरं होतात आणि एका दिवसात भरपूर रक्त जमतं. साध्या पिशवीतल्या लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस टिकतात. पोषक द्रावण घातलेल्या पिशवीत ४२ दिवस. म्हणजे त्या दिवशीच्या साऱ्या साध्या पिशव्यांची मुदत २६ मार्चला एकदमच संपते.

समजा, २४ मार्चची संध्याकाळ आहे. नोंदवहीत बी पॉझिटिव्हच्या ३१ पिशव्या आहेत. त्यातल्या ४ पिशव्यांचे एचआयव्ही, कावीळ वगैरे चाचण्यांचे अहवाल यायचेत. ९ क्रॉसमॅच करून ठराविक रुग्णांसाठी राखून ठेवल्यात. उरल्या १८. रोजचा खप ५ आणि किमान साठा तीन दिवसांचा, म्हणजे १५, धरला तर कमी साठ्याचा इशारा वाजत नाही. पण या १८ पैकी ११ शिवजयंतीच्या आहेत. जुनी पिशवी आधी द्यायचा नियम पाळला तरी दोन दिवसांत त्यातल्या १० जातील आणि एक फेकावी लागेल. २७ तारखेला सकाळी हाताशी उरतील ७. अहवाल चांगले आले तर ११. तरीही पंधराला कमीच.

म्हणून इशारा आजच्या आकड्यावर बेतून चालत नाही. दर गटापुढे आजचा साठा, तसाच तीन दिवसांनंतरचाही दिसायला हवा. राखीव रकान्यावर तर वेळेची अट हवीच. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, वॉर्डातून कुणी कळवत नाही आणि पिशवी तिथेच पडून मुदत संपवते. मला हे सगळ्यात जास्त सलतं, कारण ते रक्त चांगलं असतं.

जुनी आधी या नियमालाही मर्यादा आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना शक्यतो ताजं रक्त देतात, तेव्हा जुन्या ११ पिशव्या त्यांच्या नावावर टाकून साठा मोकळा करता येत नाही. प्लेटलेटचं गणित तर आणखी आवळलेलं: २० ते २४ अंशांत, सतत हलवत ठेवूनही ५ दिवसच, आणि त्यातला एखादा दिवस चाचण्यांतच जातो.

२४ तारखेलाच इशारा मिळाला तर ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला दोन फोन करता येतात. पहिला शेजारच्या मोठ्या रक्तपेढीला: जुन्या पिशव्यांपैकी काही आज घ्या, दोन दिवसांत वापरून टाका. दुसरा बी पॉझिटिव्ह दात्यांना. उद्या सकाळी दिलेलं रक्त चाचण्या होऊन २७ तारखेपर्यंत कप्प्यात येऊ शकतं. हाच इशारा २७ला मिळाला, तर त्या दिवशी बोलावलेल्या दात्याचं रक्त त्या रात्रीच्या रुग्णाला बहुधा मिळत नाही.