एका सेकंदाचा आकडा आणि सहा मिनिटांची चाल

तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र करोनाच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोचलं. नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर उचलल्या जातात. विडी-सिगारेट सोडलेली पुष्कळ माणसं अजूनही ते यंत्र कपाटातून काढतात आणि तिन्ही गोळ्या वर गेल्या की ‘फुप्फुसं ठणठणीत’ असा निकाल स्वतःच देऊन मोकळी होतात. प्राणायाम सुरू केल्यावर तिसरी गोळी उचलली गेली, तर श्रेय अर्थातच प्राणायामाला मिळतं. पण हे यंत्र दाखवतं ते श्वास आत ओढण्याचा जोर. धूम्रपानाने बिघडतं ते मुख्यतः श्वास बाहेर पडणं. त्यामुळे तिन्ही गोळ्या सहज वर नेणाऱ्या माणसाचीही फुप्फुसं बरीच खराब झालेली असू शकतात.

फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या भिंती लवचीक असतात. श्वास घेताना त्या ताणल्या जातात आणि सोडताना आपोआप आक्रसतात, म्हणून शांत बसलेल्या माणसाला श्वास सोडायला काही कष्ट पडत नाहीत. याच भिंती आजूबाजूच्या बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. वर्षानुवर्षांच्या धुरामुळे होणाऱ्या दाहात या भिंतींमधले लवचीक धागे झिजतात आणि शेजारशेजारच्या पिशव्या फाटून एक होतात. धुऊन धुऊन सैल पडलेल्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी फुप्फुसांची गत होते. ताणली तर जातात, पण परत येत नाहीत. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते.

हे धागे आणि भिंती पुन्हा विणून देणारा उपचार आज उपलब्ध नाही. व्यायामाने बळकट होतात ते स्नायू. फुप्फुस काही स्वतःच्या स्नायूंच्या बळावर फुगत नाही, ते काम छातीखालचा पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. त्यामुळे प्राणायामाने स्नायूंना वळण लागेल, श्वासाची लय बदलेल, पण फाटलेले वायुकोश सांधले जाणार नाहीत.

आता एक नमुना घेऊ. वय ५८, उंची १६५ सेंटिमीटर, तीस वर्षं विडी ओढलेली, सोडून वर्ष झालेलं असे एक गृहस्थ स्पायरोमेट्री करायला जातात. छाती पूर्ण भरून घ्यायची, नळीत शक्य तितक्या जोरात फुंकायचं आणि हवा संपेपर्यंत, निदान सहा सेकंद, फुंकत राहायचं अशी ही तपासणी. त्यांनी एकूण हवा बाहेर टाकली २.९ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात १.६ लिटर. रिपोर्टवर या पहिल्या सेकंदाच्या आकड्याला एफईव्ही-१ म्हणतात. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी पुरुषाकडून तो साधारण २.७ लिटर अपेक्षित असतो. १.६ ला २.९ ने भागलं तर ०.५५ येतं. नळ्या रुंदावणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावल्यावरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, तर त्याला सीओपीडी म्हणतात. या गृहस्थांचा आजार मध्यम पायरीवरचा आहे. सपाट रस्त्यावर ते बरे चालतात, पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते.

धूम्रपान सोडल्याने त्यांना काय मिळालं, हे आधी पाहू. कारण तो हिशेब नेहमी प्राणायामाच्या खात्यात जमा होतो. अमेरिका आणि कॅनडात सीओपीडीची सुरुवात झालेल्या सुमारे सहा हजार धूम्रपान करणाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. ज्यांनी सिगारेट कायमची सोडली, त्यांचा पहिल्या सेकंदाचा आकडा पहिल्या वर्षात सरासरी सुमारे ५० मिलिलिटरने वाढला. पुढे तो घटू लागला, पण सावकाश. २००२ साली अकरा वर्षांचे आकडे प्रसिद्ध झाले. सिगारेट सोडलेल्या पुरुषांत दरवर्षी सरासरी ३० मिलिलिटरची घट होती, ओढत राहिलेल्यांत ६६ मिलिलिटरची. म्हणजे गेलेलं बहुतेक परत आलं नाही, पण गळती निम्म्याहून कमी झाली. पहिल्या वर्षातली ती छोटी वाढ, हळूहळू कमी होणारा खोकला आणि कफ हे सगळं सोडण्याचं फळ आहे. पण सिगारेट सोडण्याचा आणि प्राणायामाचा संकल्प बहुधा एकाच पाडव्याला होतो आणि मग कशाने काय झालं याचा घोळ होतो.

आणखी एक समजूत बाजूला ठेवायला हवी. दीर्घ श्वासाने ‘जास्त ऑक्सिजन’ मिळतो असं सर्रास सांगितलं जातं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरच ९५ ते ९८ टक्के भरलेलं असतं, तिथे आणखी भरायला जागाच फारशी नसते. प्राणायामावर प्रयोगशाळेत प्रयोग करणाऱ्यांत अग्रणी होते स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. प्राणायामाचं मोल जास्त ऑक्सिजन मिळण्यात आहे, हे त्यांनाही मान्य नव्हतं.

मग प्राणायाम करायचा कशासाठी? याचं उत्तर जिन्यात मिळतं. आपले गृहस्थ जिना चढताना मिनिटाला तीस श्वास घेऊ लागले की एका श्वासाच्या वाट्याला दोन सेकंद येतात आणि त्यात सोडायला जेमतेम सव्वा सेकंद उरतो. अरुंद नळ्यांतून तेवढ्या वेळात हवा पुरती बाहेर पडत नाही, तोवर पुढचा श्वास आत येतो. दर श्वासाला थोडी थोडी हवा साचत जाते. काही पायऱ्यांतच छाती फुगलेल्या अवस्थेत अडकते, पडदा खाली ढकलला जाऊन सपाट होतो आणि नवा श्वास घ्यायला जागाच राहत नाही. श्वास पुरत नाही असं वाटतं, म्हणून माणूस आणखी भराभर श्वास घेतो आणि आणखी हवा कोंडतो. हाच श्वास मिनिटाला अठरावर आणला तर प्रत्येकाला तीन सेकंदांहून जास्त वेळ मिळतो आणि त्यातले दोन सेकंद सोडण्यासाठी देता येतात. फुप्फुस तेच राहतं, पण कोंडलेली हवा कमी होते.

२०१२ साली कॉक्रेन या संस्थेने सीओपीडीतल्या श्वसन-व्यायामांच्या सोळा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. ओठ मिटत आणून श्वास सोडणं, पोटाने श्वास घेणं, योगातला प्राणायाम असे प्रकार त्यात होते. काही आठवडे ते केल्यावर रुग्ण सहा मिनिटांत सरासरी ३५ ते ५० मीटर जास्त चालू लागले. ही वाढ रोजच्या जगण्यात जाणवण्याजोगी आहे. धाप कमी झाल्याची नोंद मात्र सगळ्या चाचण्यांत सारखी नव्हती. आणि जे आधीच नियमित चालण्याचा व पायांचा व्यायाम करत होते, त्यांना वरून श्वसनाचे व्यायाम जोडल्याने वेगळा लाभ दिसला नाही. याचा अर्थ, प्राणायाम चालण्याची जागा घेऊ शकत नाही.

या गृहस्थांनी काय करावं? पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसायचं. तोंड मिटून नाकाने दोन अंकांपर्यंत श्वास घ्यायचा, छाती ठासून भरायची नाही. मग शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून चार अंकांपर्यंत सोडायचा. जोराने फुंकायचं नाही, कारण जोर लावला की बारीक नळ्या आणखी मिटतात. चंबूमुळे आतला दाब किंचित टिकून राहतो आणि नळ्या उघड्या राहतात. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बसून हे सवयीचं झालं की चालताना करायचं: दोन पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. जिन्यात थांबून श्वास घ्यायचा आणि सोडता सोडता पायरी चढायची. अनुलोम-विलोम करायचा तर कुंभक वगळून, सोडण्याचा वेळ घेण्याच्या दुप्पट ठेवून. भ्रामरीतही गुंजारवामुळे श्वास आपोआप लांबत सुटतो, म्हणून तीही चालेल.

भस्त्रिका आणि कपालभातीची गोष्ट वेगळी. त्यांत श्वास भराभर आणि झटक्याने सुटतो, म्हणजे जिन्यातली जी चूक सुधारायची तीच इथे बसल्या जागी होते. शिवाय खराब झालेल्या फुप्फुसात पातळ भिंतींचे मोठे फुगे असू शकतात, ते फुटले तर हवा छातीच्या पोकळीत शिरून फुप्फुस आक्रसतं. कपालभातीनंतर असं झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आली आहे आणि ती एका २९ वर्षांच्या निरोगी स्त्रीची आहे. स्पायरोमेट्रीत दोष निघालेल्यांनी हे दोन प्रकार आणि लांब कुंभक टाळावेत. प्राणायामानंतर छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन धाप लागली, तर थेट इस्पितळ गाठावं.

चुकतंय हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं तर श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. श्वास घेताना मानेच्या शिरा ताठ होत असतील तर छाती आधीच भरलेली आहे, आणखी भरण्याऐवजी सोडणं लांबवावं. पोटाने श्वास घेण्याचा हट्ट सगळ्यांनी धरू नये. आजार वाढलेला असेल तर पडदा सपाट झालेला असतो आणि त्या प्रयत्नात धाप उलट वाढते.

प्राणायाम चालू आहे म्हणून इनहेलर बंद करायचा नाही. कफात रक्त दिसलं, वजन कारण नसताना उतरलं किंवा चालताना ऑक्सिमीटरचा आकडा ९० च्या खाली गेला, तर तो डॉक्टरांकडे नेण्याचा विषय आहे. आणि फायदा मोजायचा तर घरच्या गोळ्यांवर नको. वर्षातून एकदा स्पायरोमेट्री करावी. तिथे १.६ चा आकडा जवळपास तसाच राहिला, तर प्राणायाम वाया गेला असं समजू नये, तो न घसरणं हीच धूम्रपान सोडल्याची कमाई आहे. प्राणायामाची आणि चालण्याची कमाई पाहायची तर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी, सपाट जागी, सहा मिनिटांत किती मीटर चालणं झालं ते वहीत लिहून ठेवावं. ३० मीटर वाढले, तरी मेहनत लागू पडली.