आकड्यांचा ताळमेळ : लेखांक ९
टक्क्याचं चिन्ह आणि हरवलेला भारांश

मागच्या लेखांकात भारित सरासरीचं सूत्र पाहिलं: प्रत्येक आकड्याला त्याच्या भारांशाने गुणायचं, बेरीज करायची आणि भारांशांच्या बेरजेने भागायचं. त्यानंतर एका शिक्षिकाबाईंनी त्यांची एक्सेल फाईल दाखवली. सूत्र अचूक होतं, उत्तर मात्र चुकलेलं.

एका विद्यार्थ्याचे गुण B रकान्यात होते: चाचणीत ८०, प्रकल्पात ९०, वार्षिक परीक्षेत ६०. शेजारी C रकान्यात त्यांचं वेटेज: २०%, ३०%, ५०%. सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(C2:C4)
```

हाताने हिशेब केला तर १६, २७ आणि ३० मिळून ७३ येतात. फाईल सांगत होती ८६.

बाईंना संशय आला तो तोंडी हिशेबामुळे. ज्या परीक्षेला निम्मं वेटेज आहे तिच्यात ६० मिळालेत. उरलेल्या निम्म्यात फार तर ९० धरले, तरी सरासरी ७५ च्या वर जाऊच शकत नाही. मग ८६ आले कुठून?

दोष C4 मध्ये होता. तिथे ५०% दिसत होतं, पण तो आकडा नव्हता, मजकूर होता. फाईल ज्या जुन्या नमुन्यावरून बनवली, त्यात त्या घराचं फॉरमॅट आधीपासूनच ‘टेक्स्ट’ होतं. अशा घरात काहीही टाइप करा, एक्सेल ते अक्षरं म्हणूनच ठेवतं. स्वल्पविराम देऊन लिहिलेलं SUMPRODUCT मजकुराला शून्य मानतं आणि SUM त्याला वगळून पुढे जातं. म्हणजे वर उरले १६ आणि २७, खाली उरले २०% आणि ३०%. ४३ भागिले ०.५, उत्तर ८६. वार्षिक परीक्षा हिशेबातून अख्खी गळाली आणि सूत्राने हूं की चूं केलं नाही.

याच सूत्रात स्वल्पविरामाऐवजी गुणाकाराची फुली (*) असती, तर गंमत वेगळी झाली असती. गुणाकार करताना एक्सेल मजकुरातल्या ५०% चा आकडा करून घेतं. SUM मात्र तसं करत नाही. वर पूर्ण ७३, खाली ०.५, उत्तर १४६! शंभरापैकी १४६ गुण कुणाच्याही डोळ्यांत खुपतील. घात करतं ते ८६, कारण ते खरं वाटतं.

बाईंनी C4 चं फॉरमॅट बदलून ‘जनरल’ केलं. उत्तर ८६ च राहिलं. फॉरमॅट हा घराचा रंग. आत राहणारा त्याने बदलत नाही. आत मजकूर असेल तर नवं फॉरमॅट दिल्यावर किंमत पुन्हा टाइप करावी लागते. बाईंनी ती केलीही, पण लिहिले नुसते ५०. आता उत्तर आलं ६०.२६.

इथे दुसरा घोटाळा. २०% लिहिल्यावर एक्सेल आत ०.२ साठवतं, टक्क्याचं चिन्ह केवळ दाखवण्यापुरतं असतं. त्यामुळे रकान्यात खरे आकडे होते ०.२, ०.३ आणि ५०. वार्षिक परीक्षेचं वजन बाकीच्यांच्या शेकडो पट झालं, आणि सरासरी जवळजवळ तिच्याच गुणांवर येऊन टेकली. तिन्ही ठिकाणी २०, ३०, ५० असते तरी चाललं असतं, कारण भागाकारात शंभराची पट कटून जाते. सरमिसळ चालत नाही. C4 ला टक्क्याचं फॉरमॅट दिलं तेव्हा तिथे ५०००% उमटलं आणि बाईंच्या लक्षात आलं. मग त्यांनी ५०% असं चिन्हासकट लिहिलं. उत्तर: ७३.

डोळ्यांना ओळखायची एक खूण आहे: एक्सेलमध्ये आकडे आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे. पण बहुतेकजण तक्ता सुबक दिसावा म्हणून सगळं मधोमध आणतात, आणि ती खूणही जाते. म्हणून भारांशांच्या खाली दोन घरं राखून ठेवा:

```
=COUNT(C2:C4)
=SUM(C2:C4)
```

COUNT फक्त आकडे मोजतं. तीन भारांश असताना ते २ म्हणालं, तर एक मजकूर आहे. कोणता, ते `=ISNUMBER(C4)` असं एकेका घराला विचारून कळतं. SUM ची बेरीज १, म्हणजे १००% यायला हवी. बाईंच्या पहिल्या चुकीत ती ०.५ आली असती, दुसरीत ५०.५.

COUNT ची मर्यादाही ध्यानात ठेवा: दुसऱ्या चुकीत तिन्ही आकडेच असल्याने ते निमूटपणे ३ सांगतं. तिथे चोर पकडते ती बेरीजच. म्हणून दोन्ही घरं हवीत.

पुढच्या आठवड्यात: विद्यार्थी परीक्षेला गैरहजर असेल, तर रिकामं घर आणि शून्य यांत सरासरीला काय फरक पडतो?