जुना नंबर, चालू खाते

बंद पडलेला मोबाइल नंबर कायमचा नाहीसा होत नाही. तो किमान ९० दिवस बाजूला ठेवला जातो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हीच माहिती दिली होती. नंबर बंद झाल्याचे खातेदाराने कळवले नाही, तर बँक जुन्याच नंबरवर एसएमएस पाठवत राहते. असे बंद झालेले नंबर बँका आता दूरसंचार विभागाच्या यादीशी ताडून पाहतात, पण त्यामुळे नवा नंबर आपोआप नोंदला जात नाही. तो खातेदारालाच कळवावा लागतो.

मोबाइल कंपनी बदलून नंबर तोच ठेवला असेल, तर बँकेला काहीच कळवायचे नसते. जुने सिम चालू असेपर्यंत नेट बँकिंगमधून किंवा बऱ्याच बँकांच्या एटीएमवरूनही नंबर बदलता येतो. जुना नंबर हातातून गेला, की त्यावर येणारा ओटीपीही जातो आणि मग शाखेत जाऊन लेखी अर्ज देणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग उरतो.

समजा, साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका मुलाकडे पुण्याला राहायला आल्या. जुन्या सिमचे रिचार्ज राहून गेले आणि नंबर बंद झाला. निवृत्तिवेतन मात्र साताऱ्याच्या शाखेतल्या खात्यातच जमा होते. त्यांचा अर्ज असा असावा:

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : बचत खात्यावरील मोबाइल क्रमांक बदलण्याबाबत.

महोदय,
आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे. खाते क्रमांक … व ग्राहक क्रमांक … असा आहे. खात्यावर नोंदवलेला मोबाइल क्रमांक … बंद झाला असून तो आता माझ्याकडे नाही. कृपया तो नोंदीतून काढून टाकावा व त्याऐवजी … हा माझ्या नावावरील क्रमांक माझ्या ग्राहक क्रमांकावर नोंदवावा. व्यवहारांच्या सूचना व ओटीपी यापुढे याच क्रमांकावर पाठवावेत. ओळखपत्राची स्वाक्षरी केलेली प्रत सोबत जोडली आहे. बदल झाल्याचे कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(बँकेत नोंद आहे तशी स्वाक्षरी, नाव, पत्ता, दिनांक)

या अर्जात ग्राहक क्रमांकाला महत्त्व आहे. एकाच व्यक्तीची बचत, मुदत ठेव आणि कर्ज अशी खाती त्या एका क्रमांकाखाली असतात. तिथे बदल केला, की साधारणपणे सगळीकडे लागू होतो. क्रेडिट कार्ड आणि डीमॅट खात्याची नोंद मात्र बहुधा वेगळी असते, म्हणून तिथे स्वतंत्रपणे कळवावे. संयुक्त खात्यात प्रत्येक खातेदाराचा ग्राहक क्रमांक निराळा असतो. पतीच्या नंबरात झालेला बदल पत्नीच्या नोंदीत उमटत नाही. आधारवरचा मोबाइल नंबर बदलला म्हणून बँकेतला बदलतो, हाही गैरसमजच.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा सहीवर. तीस वर्षांपूर्वीची नमुना सही आणि आज थरथरत्या हाताने केलेली सही जुळत नाही. अशा वेळी पासबुक आणि मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः जावे, अधिकाऱ्यासमोर सही करावी आणि नवी नमुना सही नोंदवण्याचा अर्जही त्याच वेळी द्यावा. पिन, पासवर्ड किंवा ओटीपी अर्जात कधीच लिहू नये.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवले होते, की बँक किंवा ग्राहक कोणाचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. सूचना परक्याच्या फोनवर गेली, तर हे दिवस कधीपासून मोजायचे यावरून वाद होतो. त्या वादात शिक्क्याची प्रत ग्राहकाच्या हातातला पुरावा ठरते.

बदल झाल्याचा एसएमएस आला, तरी दोन गोष्टी तपासाव्यात. नेट बँकिंगचा ओटीपी नव्या नंबरवर येतो का आणि एटीएममधून पाचशे रुपये काढल्यावर सूचना येते का. काही बँकांत एसएमएस सूचनांची नोंद वेगळी असल्याने ओटीपी येतो, पण सूचना येत नाही. दहा-वीस रुपयांच्या यूपीआय व्यवहारावरून हे पारखू नये, कारण लहान रकमांचा एसएमएस काही बँका पाठवतच नाहीत. यूपीआय ॲपमध्येही नव्या सिमवरून पुन्हा नोंदणी करावी लागते.

आठवड्याभरात बदल दिसला नाही, तर शिक्क्याची प्रत दाखवून शाखेत लेखी तक्रार द्यावी. त्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क दाद मागता येते. तिथेही तीच प्रत जोडावी.