वर्षभर हप्ते भरले, तरी मुद्दल एवढीच कशी फिटली?

भिवंडीत कल्याण रोडला सहा पॉवरलूम चालवणाऱ्या एका ओळखीच्या कारखानदारांनी गेल्या महिन्यात मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. कर्जाच्या परतफेडीचा तक्ता होता, साठ ओळींचा. सोबत एक शब्दही नव्हता, पण बाराव्या ओळीतल्या 'बाकी मुद्दल' या रकान्याला पेनाने गोल केला होता. त्या गोलातच त्यांचा प्रश्न दिसत होता. मी बरीच वर्षं इथल्या कारखानदारांचे हिशेब लिहितो, आणि कर्जाचे कागद वाचताना बहुतेक जण याच ओळीपाशी अडतात.

तक्त्यातले आकडे असे होते. कर्ज 6 लाख, व्याज सालाना 12 टक्के, मुदत 60 महिने, हप्ता 13,347 रुपये. वर्षभरात 1 लाख 60 हजारांहून थोडे जास्त भरले आणि बाकी दिसतेय 5,06,826. म्हणजे मुद्दल फिटली फक्त 93,174. उरलेले जवळपास 67 हजार व्याजात गेले.

गैरसमज: बँका सुरुवातीला आपलं व्याज आधी वसूल करून घेतात

भिवंडीच्या गल्लोगल्ली हेच ऐकू येतं. प्रत्यक्षात व्याज आधी आणि मुद्दल नंतर अशी कुठलीही वसुली या तक्त्यात नाही. व्याज फक्त त्या महिन्याच्या बाकीवर लागतं. सालाना 12 म्हणजे महिन्याला 1 टक्का. पहिल्या महिन्यात बाकी पूर्ण 6 लाख, म्हणून व्याज 6,000. हप्त्यातून ते वजा केलं की 7,347 उरतात आणि तेवढी मुद्दल कमी होते. दुसऱ्या महिन्यात बाकी 5,92,653, म्हणून व्याज 5,927 आणि मुद्दल 7,420. हप्ता तोच राहतो, पण दर महिन्याला व्याजाचा वाटा थोडा आटतो आणि मुद्दलीचा वाढतो. साठाव्या हप्त्यात व्याज अवघं 132 रुपये असतं.

निम्मे हप्ते म्हणजे निम्मं कर्ज, हेही म्हणूनच चुकतं. तीस हप्ते भरल्यावर बाकी असते 3,44,447. निम्मा काळ गेला, तरी निम्म्याहून जास्त मुद्दल डोक्यावर असते. यात फसवणूक नाही. सुरुवातीला जास्त पैसे तुमच्याकडे होते, म्हणून जास्त व्याज लागलं, इतकंच.

गैरसमज: शेकडा एक म्हणजे बारा टक्केच

मी फोन केल्यावर त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. एका खाजगी वित्त कंपनीचा माणूस कारखान्यात येऊन नव्या लूमसाठी 6 लाख देऊ करून गेला होता. दर 'महिना एक टक्का', मुदत पाच वर्षं. "साहेब, दर तर सारखाच आहे ना?" असं त्यांनी विचारलं.

दर सारखा नव्हता. त्या माणसाने हिशेब असा मांडला होता: 6 लाखांचा एक टक्का 6,000, साठ महिन्यांचे 3 लाख 60 हजार, त्यात मुद्दल मिळवून साठने भागा, हप्ता 16,000. याला फ्लॅट व्याज म्हणतात. पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज चालू राहतं. चौथ्या वर्षी निम्म्याहून जास्त मुद्दल परत केलेली असते, तरी व्याज 6 लाखांवरच मोजलेलं असतं.

बँकेच्या तक्त्यात पाच वर्षांचं एकूण व्याज 2,00,800. फ्लॅटमध्ये ते 3,60,000. घटत्या बाकीवर मोजलं, तर फ्लॅटचा हा '12 टक्के' सालाना 20.3 टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे उधारी पिढ्यान्‌पिढ्या 'शेकडा' या भाषेत बोलली जाते, आणि दोन महिन्यांच्या हातउसन्यासाठी ती ठीकही आहे. पाच वर्षांच्या हप्त्यांना तीच भाषा लावली की दर ऐकायला निम्म्याजवळ येतो.

ओळखायचं कसं? तक्त्यातली दुसरी ओळ घ्या. (पहिल्या महिन्यात कधी कमीजास्त दिवस धरलेले असतात.) त्या ओळीतल्या व्याजाला बाराने गुणा, आधीच्या ओळीतल्या बाकीने भागा आणि शंभराने गुणा. व्याजाची रक्कम दर महिन्याला घटत असेल, तर आलेला आकडा तुमचा सालाना व्याजदर. व्याजाच्या रकान्यात सगळीकडे एकच रक्कम असेल, तर व्याज फ्लॅट आहे आणि खरा दर या आकड्याहून बराच जास्त आहे. आणि तक्ताच द्यायला टाळाटाळ होत असेल, तर सही करू नका.

गैरसमज: हप्त्यांची बेरीज म्हणजे कर्जाचा सगळा खर्च

आमच्या कारखानदारांच्या खात्यात 6 लाख आलेच नव्हते, 5,76,000 आले होते. प्रोसेसिंग फी 2 टक्के म्हणजे 12,000, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 2,160 आणि कर्जाबरोबर काढलेल्या विम्याचे 9,840, असे 24,000 आधीच कापले गेले. व्याज मात्र पूर्ण 6 लाखांवर चालू. हातात 5,76,000 आणि परतफेड 8,00,800, म्हणजे खरा खर्च 2,24,800. हा कापलेला पैसा धरून दर काढला, तर 12 चे सुमारे 13.8 टक्के होतात. यालाच एपीआर म्हणतात. दोन कर्जांची तुलना याच आकड्यावर करावी.

तो आकडा स्वतः काढत बसायची गरज नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर, सगळे आकार आणि परतफेडीचा तक्ता असावा लागतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं आणि समजावून सांगायला हवं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मराठीत मागा, तेलुगू किंवा उर्दू वाचत असाल तर त्या भाषेत मागा.

गैरसमज: जादा पैसे कधीही भरले तरी फायदा तेवढाच

सणाच्या आधी ग्रे कापडाचं पेमेंट सुटलं आणि लाखभर रुपये हाताशी आले असं समजा. याच कर्जात बाराव्या हप्त्यानंतर 1 लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले 48 हप्ते 37 वर येतात आणि सुमारे 53 हजारांचं व्याज वाचतं. तेच लाख तिसऱ्या वर्षाच्या शेवटी भरले, तर वाचतात सुमारे 22 हजार. कारण तोवर व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो. भरताना 'हप्ता तोच, मुदत कमी' असं लेखी द्या. हप्ता कमी करून मुदत तीच ठेवली, तर व्याजाची बचत कमी होते.

मुदतीआधी फेडण्याचा दंड लागतो का, हे करार बघून ठरतं. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून असा दंड घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जात करारातलं कलम वाचा.

आमच्या कारखानदारांनी फोनच्या दुसऱ्या दिवशी वित्त कंपनीच्या माणसाकडे की फॅक्ट स्टेटमेंट मागितलं. पंधरा दिवसांनी ते आलं. एपीआरच्या रकान्यात 20 च्या वरचा आकडा होता. लूम त्यांनी अजून घेतलेला नाही.